पहिल्या हाकेचं मिनिट

संदेश गरम चहा बशीत ओतायचा, निवला की परत कपात घ्यायचा आणि मग कपातूनच प्यायचा. चप्पल काढताना भिंतीला एक हात टेकवायचा. पावसाळी हवा असली की शर्टाची वरची गुंडी लावायचा, एरवी नाही. कुणी जांभई दिली की "झोपा आता" म्हणायचा, भर दुपारीसुद्धा. कॉम्प्युटरवर काही अडलं की स्वतःशी बोलायचा, आणि बोलताना स्वतःला "अहो संदेशराव" म्हणायचा. रिक्षातून उतरल्यावर रिक्षा वळेपर्यंत थांबायचा. सकाळी डोळे उघडले की तोंड धुण्याआधी फोन हातात घ्यायचा, एक पांढरं पान उघडायचा, आणि ते पान भरेपर्यंत खाटेच्या कडेला पाय सोडून बसून राहायचा.

ही शेवटची सवय मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, देवाचं काहीतरी करतो.

वराळ्यात आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. संदेश तिथे भाड्याने राहायचा. जवळच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. आंदर मावळातल्या एका वाडीतला. मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि तळेगावात शिकवणी घेतो, म्हणून तो मला "मास्तर" म्हणायचा. आम्ही एकाच वयाचे. संध्याकाळी तो कारखान्यातून आला की आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या मांडीवर पोरांच्या वह्या.

प्रोग्रॅमिंग तो व्हिडिओ बघून शिकला होता. कारखान्यातली मुलं क्रिकेटचं काहीतरी बनवायला सांगायची. त्याने बनवलं ते एस.टी.चं.

त्यांच्या वाडीला सकाळी एकच गाडी. ती खालून येते, टाकवे गाव मागं टाकते, दरीतून वर शेवटच्या गावापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत येते. परत येताना वाडीच्या फाट्यावर थांबते. वाडी डोंगरात आहे. फाट्यावर उतरायला बराच वेळ लागतो. गाडी कधी लवकर येते, कधी उशिरा, कधी येतच नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी उलट्या दिशेने खिंड चढून डेअरीपर्यंत जायचं आणि दुधाचा टेम्पो धरायचा. फाटा एकीकडे, डेअरी दुसरीकडे. चुकीची वाट धरली की तो दिवस गेला.

संदेशची बहीण पिंकी वडगावला बारावीला होती. विज्ञान शाखा. तिचे असे बरेच दिवस गेले होते. त्यांचे वडील महिपती आबा म्हणायचे, "पोरगी साळंत कमी आन् वाटंवर जास्त." ते पिंकीचं कॉलेज बंद करतील ही भीती संदेशला कायम होती. त्याचं स्वतःचं शिक्षण त्याच वाटेवर बारावीत सुटलं होतं.

म्हणून त्याने एक साधं पान बनवलं. टाकव्याच्या पुढे एका वळणावर निवृत्तीभाऊंची चहाची टपरी आहे. गाडी वर जाताना त्यांच्यासमोरून जाते. त्यांच्या फोनवर एक मोठं हिरवं बटण दिलं: 'गाडी गेली'. त्यांनी ते दाबलं की वाडीतल्या सगळ्या फोनवर कळायचं, गाडी वर गेली. ती शेवटच्या गावाला जाऊन परत येईपर्यंत वाडीतला माणूस निवांत फाट्यावर उतरतो. बटण दाबलं गेलं नाही आणि ठरावीक वेळ टळून गेली, तर डेअरीची वाट.

एवढंच. लोक त्याला 'संदेशची गाडी' म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. एका सकाळी वाडीतल्या सगळ्या फोनवर दिसलं की पाच गाड्या वर गेल्या.

त्या दिवशी रविवार होता आणि मी संदेशबरोबर वाडीला आलो होतो. पारावर हशा पिकला होता. भागुबाई म्हणून एक म्हातारी आहेत, त्या म्हणाल्या, "आरं पाच गाड्या? इलेक्शन हाय का काय?"

"मावशी, तुमची वरात हाये," संदेश म्हणाला.

"माजी वरात बैलगाडीतनं झाली. मेल्या, तुजी कर की आता. पाच गाड्या हायेत तोवर."

परतताना आम्ही टपरीवर थांबलो. निवृत्तीभाऊ आधीच चिडलेले.

"हे बटन दाबलं तर काय होईना. परत दाबलं. परत काय होईना. मंग मी बी इरेला पेटलो."

"भाऊ, एकदाच दाबायचं."

"एकदा दाबून कळलं पायजे ना, दाबलं गेलं का न्हाई. गप का बसतं ते? मानसानं व्हय म्हनावं, न्हाई म्हनावं."

संदेश हसला. त्याने भाऊंना जे समजावलं त्यातूनच मलाही पहिल्यांदा कळलं.

तो म्हणाला, "भाऊ, माझा प्रोग्रॅम एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर फुकट ठेवलाय. त्यांच्याकडे असे हजारो लोकांचे प्रोग्रॅम असतात. फुकटातल्यांसाठी एक नियम. पाव तास कुणी फिरकलं नाही की ते प्रोग्रॅम बंद करतात. जागा दुसऱ्याला वापरतात. समजा तुमची टपरी. पाव तास गिऱ्हाईक नाही, तर तुम्ही स्टो विझवला, भांडी घासली, सामान पेटीत भरलं. आता पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला लगेच चहा मिळंल?"

"कसा मिळंल? पेटी उघडायची, स्टो पेटवायचा, आदन ठेवायचं."

"दुसरं गिऱ्हाईक त्याच्या पाठोपाठ आलं तर?"

"त्याला तयार."

"तसंच. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तुम्ही बटण दाबलं की तिकडं जागा शोधतात, प्रोग्रॅम पेटीतनं काढतात, सुरू करतात. त्याला मिनिटभर लागतं. तोवर तुमचा निरोप दारात थांबवून ठेवतात, हाकलत नाहीत. तुम्ही पाचदा दाबलंत, पाचही निरोप दारात थांबले. दार उघडल्यावर पाचही आत आले."

निवृत्तीभाऊंनी पाच बोटं पसरली. "म्हंजी मी पाच चहा सांगितले."

"आन् पाची प्याले आले."

"पैशे तू दे मंग."

त्या संध्याकाळी संदेशने एक दुरुस्ती केली. थोड्या वेळात पुन्हा पुन्हा दाबलेलं बटण एकच गाडी म्हणून मोजायचं. पाच गाड्या थांबल्या. पण ते पहिलं मिनिट राहिलं. वाडीतली माणसं पान उघडायची, पांढरं दिसलं की बंद करायची. "चालत न्हाई" म्हणायची. थांबून बघायचं हे कुणाच्या मनात येत नव्हतं. बंद असलेल्या दुकानापुढे कोण थांबतं?

लोणावळ्यात गंगाधरकाकांचे भाड्याने द्यायचे दोन बंगले आहेत. त्यांचीही एक साइट संदेशने करून दिली होती, तीही आधी फुकट जागेवर. काकांचा फोन यायचा. "अरे, मुंबईची पार्टी साइट उघडते, दहा सेकंद बघते आणि शेजारच्याकडे जाते. काहीतरी कर." त्यांना त्याने सरळ सांगितलं, महिन्याचे पैसे भरा, मग ते प्रोग्रॅम कधीच बंद करत नाहीत. काकांनी भरले. प्रश्न मिटला.

"मग वाडीच्यासाठी भर," मी म्हणालो.

"काकांचं गिऱ्हाईक थांबत नाही म्हणून ते भरतात. आपली गाडी सकाळी एकदा लागते, मास्तर. त्यासाठी महिनाभर भाडं?"

दुसरा उपाय त्याने करून पाहिला होता. इंटरनेटवर फुकट पहारेकरी मिळतात. ते दर काही मिनिटांनी आपल्या पानाला हाक मारतात. हाक आली की प्रोग्रॅमला वाटतं गिऱ्हाईक आहे, तो झोपत नाही. सुरुवातीला छान चाललं. पण फुकट जागेला महिन्याचे तास ठरलेले असतात. एक प्रोग्रॅम महिनाभर अखंड जागा राहील एवढेच, जेमतेम. संदेशने त्याच खात्यात एक दुसरी प्रतही ठेवली होती, नवीन गोष्टी करून बघायला. पहारेकरी लावताना त्याने दोन्हींचे पत्ते दिले. दोघं रात्रंदिवस जागे राहिले, आणि तास दुप्पट वेगाने जळाले. महिना अर्ध्यावर आला आणि सगळंच बंद. नुसतं मंद नाही, बंद. पुढल्या एक तारखेपर्यंत.

त्या पंधरवड्यात पिंकी एकदा फाट्यावर जाऊन उभी राहिली. गाडी आलीच नाही. डेअरीचा टेम्पो तोवर गेला होता. ती परत डोंगर चढून घरी गेली. कॉलेजात त्या दिवशी चाचणी होती. आबांनी काही म्हटलं नाही. ते काही म्हणत नाहीत तेव्हाच संदेशला भीती वाटायची.

"रिकाम्या घरात रात्रभर दिवा जाळला रे मी," तो म्हणाला. त्याने पहारेकरी काढून टाकला.

त्यानंतर ती सकाळची सवय सुरू झाली. गाडी टपरीवर यायच्या बऱ्याच आधी तो उठायचा. पान उघडायचा. पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचा. पान भरलं की फोन खाली ठेवायचा आणि तोंड धुवायला जायचा. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा उघडायचा, परत झोपू नये म्हणून. तोवर वाडीतले लोक उठलेले असायचे आणि त्यांचं उघडणं सुरू व्हायचं. सगळ्यांचं लगेच उघडायचं. निवृत्तीभाऊंचं बटण पहिल्याच दाबाला 'हो' म्हणायचं. काही महिन्यांत वाडी ते मिनिट विसरून गेली.

मी त्याला म्हटलं, "तो पहारेकरी फक्त सकाळपुरता लावता येत नाही? तेवढ्या वेळात हाका मारेल, मग गप्प. एकाच प्रोग्रॅमला. तास उरतील."

"येतो की."

"मग?"

"लावू," तो म्हणाला. आणि लावला नाही. मला वाटलं, आळस.

त्याऐवजी तो दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागला. थांबायचं पान. नुसतं पान ठेवायला यंत्र चालू ठेवावं लागत नाही, ते झोपत नाही, लगेच दिसतं. ते पान आधी समोर येईल, मागे मुख्य प्रोग्रॅमला हाक मारेल, आणि तो उठेपर्यंत माणसाला एक वाक्य दाखवेल. मग दुपारी, संध्याकाळी, कधीही कुणी पहिलं आलं तरी त्याला पांढरा पडदा बघावा लागणार नाही.

"वाक्य तू द्यायचं, मास्तर," तो म्हणाला. "एवढं शिकलायस."

मी दिलं: कृपया प्रतीक्षा करा.

"हे तहसील कचेरीत लाव."

मग मी जरा कवितेसारखं काहीतरी दिलं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"भागुमावशीला हे वाचून दाखवशील तू? पारावर?"

"नाही."

"मग? असं पायजे की माणूस थांबंल. राग न येता. आपल्याला कुणीतरी ऐकलंय एवढं कळलं पायजे. बास."

त्यानेही बरीच वाक्यं करून खोडली. पायरीवर बसून तो ती माझ्यावर आजमावायचा. "आलोच, हे कसं वाटतं?" "बरं आहे." "नको. आलोच म्हणणारा माणूस कधी येत नाही."

दिवाळीनंतरची गोष्ट. कारखान्यात शेजारच्या मशीनवर असलेल्या एकाच्या घरी लग्न होतं म्हणून संदेशने त्याची रात्रपाळी घेतली. पहाटे सुटून तो मोटारसायकलवर येत होता. चाकण रस्त्यावर कडेला एक ट्रेलर उभा होता. मागचे दिवे नव्हते.

मला याहून जास्त लिहिता येत नाही. त्याची ओळख पटवायला मी गेलो होतो. वरची गुंडी लावलेली होती. ढग आले होते त्या दिवशी.

तेराव्यानंतर काही दिवसांनी पिंकीचा मला फोन आला. ती एकदम म्हणाली, "दादा, संदेशदादाची गाडी बी बंद पडली."

"कधीपासून?"

"तो गेला तवापासनंच. उघडतच न्हाई. पांढरं दिसतंय. येकदोगांनी बगितलं, मंग कुनी उगडलंच न्हाई. निवृत्तीभाऊंनी बटन दाबायचं सोडलं, म्हनले, त्यानं चालवली, तो गेला, ती गेली."

पिंकी तीनदा चुकीच्या वाटेला गेली होती. आबांनी शेवटी तोंड उघडलं होतं. एक पोरगं रस्त्यानं नेलं. आता पोरगी मी वाटंवर उभी करनार न्हाई. बारावी पुढल्या साली बगू. पिंकी हे सगळं सांगताना रडत नव्हती. परीक्षेला थोडेच महिने राहिले होते, आणि त्याआधी प्रॅक्टिकल.

मी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या फोनवर, आईच्या फोनवर, ते पान उघडलं. पांढरं. मी थांबलो. मिनिटभराने पान भरलं. खाली लिहिलं होतं: आज अजून गाडी गेलेली नाही.

काही बंद पडलं नव्हतं. त्याचा प्रोग्रॅम पेटीत घडी घालून होता, कुणीतरी हाक मारून थांबण्याची वाट बघत. कधीमधी एखादा हाक मारायचा आणि पाठ फिरवून जायचा. त्या हाकेने तो उठत होता, कुणी नाही बघून पाव तासाने परत झोपत होता.

दुसऱ्या दिवशी मी वाडीला गेलो. वाटेत टपरीवर उतरून निवृत्तीभाऊंना सांगितलं, ते चालू आहे. 

"चालू हाये?"

"पहिल्यांदा उघडायला मिनिट लागतं. तुम्हाला त्याने सांगितलं होतं. स्टो पेटवायचा, आधण ठेवायचं."

"आरं व्हय की," ते म्हणाले. मग टपरीच्या फळीवर हात ठेवून खाली बघायला लागले. "पर मदी कदीच लागलं न्हाई. येवढे महिने दाबत हुतो मी. कदीच न्हाई."

"तो उठवून ठेवायचा. तुमच्या आधी."

त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

वाडीत आबा अंगणात गवताच्या पेंढ्या लावत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मी पिंकीच्या फोनवर पान उघडून दाखवलं, थांबायला लावलं, ते भरलेलं दाखवलं.  मग मी सांगितलं की मी एक व्यवस्था करतो. संदेशच्या खात्यात शिरायची गरज नाही, त्याची किल्ली, म्हणजे दर वेळचा कोड, त्याच्या फोनवर यायची आणि तो फोन रस्त्यावर फुटला. पण पहारेकरी बाहेरून हाक मारतो. त्याला फक्त पत्ता लागतो, आणि पत्ता सगळ्या वाडीकडे आहे. फक्त सकाळच्या वेळेचा पहारेकरी लावतो. मग सगळ्यांचं पूर्वीसारखं लगेच उघडेल. पिंकीला गाडी कळेल.

आबा पेंढीवर हात ठेवून थांबले होते. "लगीच?"

"लगेच, आबा. तो होता तसं."

"मंग जाऊ दे तिला," ते म्हणाले. कुणाकडे न बघता.

रतनबाई, संदेशची आई, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसल्या होत्या. तिथेच त्यांच्या घरात रेंज येते. त्या तेराव्यापासून तिथेच बसायच्या असं पिंकीने सांगितलं होतं. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं.

"शार्दूल, बस हितं."

मी उंबऱ्यावर बसलो.

"ते लगीच उगडंल व्हय, तू केलंस तर?"

"हो मावशी."

"कोन उगडनार ते?"

"कुणी नाही. मशीनच. ठरल्या वेळेला आपोआप."

त्यांनी पदराने फोनची काच पुसली. साधा, कोपरा फुटलेला फोन.

"मला गाडी कशाला लागती?" त्या म्हणाल्या. "मी कुटं जातीया? मी रोज उठली की हे उगडून बगायची. लगीच उगडलं, की कळायचं संदेश उठला. तोंड धुतलं आसंल. मंग मी चूल पेटवायची. त्यानंच सांगितलं हुतं मला. म्हनला, आई, पयल्यांदा मी उगडतो, म्हनून तुजं झटक्यानं उगडतं. फोन करू नको पाटचं, मास्तरच्या घरची लोकं झोपल्याली आसत्यात. हे बगत जा."

त्यांनी फळीकडे बोट दाखवलं.

"त्या दिशी उगडलं न्हाई. पांढरं. मी फोन हितं फळीवर ठिवला. पिंकीला म्हनली, आज दादाला उशीर झाला गं. पाळी केली आसंल रातची. मंग थोड्या येळानं उगडलं. तर मी म्हनली, उठला."

 बाहेर आबांचा पेंढ्यांचा आवाज थांबला होता.

"मीच उठावली हुती ती. आत्ता तू सांगतुयास तवा कळलं. मला वाटलं तो उठला."

पिंकी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आई, राहू दे."

"न्हाई, बोलू दे मला. शार्दूल, तू मशीन लावलंस तर ते रोज झटक्यानं उगडंल. मी रोज बगीन. हात जातोच. आन् रोज सकाळी मला वाटंल त्यो उठला. येक घडीभर का हुईना, वाटंल. मंग ध्येनात येईल. रोज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज न्हाई जमनार मला."

"पण मावशी, पिंकीची गाडी..."

 मला दुसरं काही सुचत नव्हतं. पैसे भरायचे तर त्याच्या खात्यात जाता येत नव्हतं, आणि भरले तरी ते लगेचच उघडलं असतं. त्याने सकाळचा पहारेकरी का लावला नव्हता ते मला त्या उंबऱ्यावर कळलं.

रतनबाईंनी फोन मांडीवर ठेवला.

"पयल्यांदा जो उगडंल त्यालाच थांबावं लागतंय ना?"

"हो. फक्त पहिल्याला."

"बाकीच्यांचं झटक्यानं?"

"हो. मध्ये पाव तास रिकामा गेला नाही तर."

"मंग मी उगडते. मी तर समद्यांच्या आदी उठती. मी थांबीन." त्यांनी पदर सावरला. "मिंटभरच ना. आन् मंग दर थोड्या येळानं बगत जाईन, गाडी जाईस्तोवर. मला काय काम हाये."

"आई, रोज?" पिंकी म्हणाली.

"तो न्हाई का रोज करायचा?"

आबा दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "झोप कुटं लागती आसंबी." एवढंच बोलून परत अंगणात गेले.

मी तिथेच राहिलो. पहाटे मला जाग आली तेव्हा मागच्या दारात उजेड होता. चुलीचा नव्हता, फोनचा. रतनबाई फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. पडदा पांढरा होता आणि तो पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. त्या डोळे न हलवता बघत होत्या. मग उजेडाचा रंग बदलला. पान भरलं होतं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि चूल पेटवली.

थोड्या वेळाने पिंकीने आपल्या फोनवर उघडलं. लगेच उघडलं.  नंतर निवृत्तीभाऊंनी बटण दाबलं, एकदाच, आणि गाडी वर गेल्याचं कळलं. पिंकी दप्तर घेऊन फाट्याकडे उतरली आणि मी तिच्याबरोबर. आम्ही पोहोचलो आणि गाडी वळणावर दिसली.

ही माघ महिन्यापूर्वीची गोष्ट. पिंकीची प्रॅक्टिकल झाली. लेखी चालू आहे. रतनबाई रोज उठतात. वाडीला परत ते मिनिट दिसत नाही. एकट्या त्यांनाच दिसतं.

त्याचा लॅपटॉप पिंकीकडे आहे. त्याचा पासवर्ड तिला माहीत होता. गेल्या रविवारी तिने मला एक फाइल उघडून दाखवली. थांबायचं पान. त्याने ते जवळजवळ पूर्ण केलं होतं. मागून मुख्य प्रोग्रॅमला हाक मारायचं काम होत होतं, उत्तर आलं की पुढे जायचंही होत होतं. रंग फिकट हिरवा, भाताच्या रोपासारखा. मधोमध वाक्याची चौकट. तिच्या आत अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आकारसुद्धा ठरवला होता, भागुमावशीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.

प्रोग्रॅममध्ये त्या जागेवर त्याने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. अहो संदेशराव, वाक्य.

चौकट रिकामी होती.